स्कॅटरप्लॉट मॅट्रिक्स कशी वाचावी: तिरक्या खणाकडे धावण्यापूर्वीचे टप्पे

एकाच नमुन्यावर चार-पाच मोजमापे घेतलेली असली की त्यांतील कोणत्या जोड्या एकमेकींशी संबंधित आहेत, हे पाहण्यासाठी स्कॅटरप्लॉट मॅट्रिक्स काढली जाते. प्रत्येक मोजमापाला एक ओळ आणि एक स्तंभ मिळतो; ओळ आणि स्तंभ जेथे भेटतात त्या खणात त्या दोन मोजमापांचा ठिपक्यांचा आलेख असतो. आलेख काढणे एका आज्ञेचे काम असल्यामुळे तो वाचणेही तितकेच सोपे असावे असे वाटते, आणि येथेच बहुतेकांचे चुकते. नजर सर्वांत तिरक्या दिसणाऱ्या खणावर जाते, तेथील जोडी ‘संबंधित’ म्हणून नोंदवली जाते, आणि उताराच्या दिशेवरून ‘हे वाढले की ते वाढते’ किंवा ‘घटते’ असे वाक्य अहवालात लिहिले जाते. ते वाक्य चुकीचे असू शकते, इतकेच नव्हे तर नेमके उलटे असू शकते.

हे कसे घडते आणि कसे टाळायचे, ते आपण एकाच उदाहरणावरून पाहू. अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहात २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विन पक्ष्यांची माहिती सरावासाठी सर्वत्र वापरली जाते. तीत चार मोजमापे आहेत: चोचीची लांबी, चोचीची उभी जाडी, वल्ह्यासारख्या पंखाची लांबी (तिन्ही मिलिमीटरमध्ये) आणि वजन (ग्रॅममध्ये). चार मोजमापांच्या सहा जोड्या होतात. या सहांपैकी तीन जोड्यांमध्ये पहिल्या नजरेला दिसणारी दिशा चुकीची आहे. म्हणूनच वाचनाचा क्रम शिकण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

## टप्पा १: आलेख काढण्यापूर्वी तक्ता तपासा

मॅट्रिक्समध्ये कोणते स्तंभ घालायचे हे आधी हाताने ठरवा. संगणकाला ‘सर्व अंकी स्तंभ घे’ असे सांगितले की तो अनुक्रमांक, वर्ष, संकेतांक असे सारे उचलतो. ही मोजमापे नव्हेत. त्यांच्या खणांत ठिपक्यांच्या सरळ उभ्या-आडव्या रांगा दिसतात आणि खऱ्या जोड्यांची जागा ते व्यापतात. स्तंभ वाढले की जोड्या फार लवकर वाढतात, हेही लक्षात ठेवावे: चारांच्या ६, सहांच्या १५, तर दहांच्या ४५. आठांच्या पुढे प्रत्येक खण इतका लहान होतो की त्यातले काही वाचता येत नाही, म्हणून स्तंभ जास्त असतील तर त्यांचे एकमेकांशी नाते असण्याची शक्यता असलेले गट करून दोन-तीन मॅट्रिक्स काढाव्यात.

त्यानंतर प्रत्येक स्तंभाचा किमान आणि कमाल आकडा पाहा. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि ते टाळल्याची किंमत मोठी आहे. पेंग्विनांच्या माहितीत चोचीची जाडी १३.१ ते २१.५ मिलिमीटर, चोचीची लांबी ३२.१ ते ५९.६ मिलिमीटर, पंखाची लांबी १७२ ते २३१ मिलिमीटर आणि वजन २,७०० ते ६,३०० ग्रॅम आहे. हे आकडे पटण्याजोगे आहेत. आता असे समजा की मोजमाप न मिळालेल्या पक्ष्यासाठी कोणी −९९९ लिहून ठेवले असते. मग जाडीचा अक्ष −९९९ पासून सुरू झाला असता, खरे सर्व ठिपके अक्षाच्या एका टोकाला एका बारीक रेघेत चिरडले गेले असते, आणि ज्या ज्या खणात जाडी आहे तो प्रत्येक खण निकामी झाला असता. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या पक्ष्याच्या दोन मोजमापांसाठी −९९९ लिहिलेले असेल तर दूरच्या कोपऱ्यातील तो एकटा ठिपका आणि चिरडलेला पुंजका मिळून एक खोटी, अगदी सरळ तिरकी रेषा तयार होते.

रिकाम्या नोंदींचे काय झाले, हेही आताच पाहून ठेवा. या माहितीत दोन पक्ष्यांची चारही मोजमापे नाहीत. ते वगळले की ३४२ उरतात. प्रत्येक खणात हेच ३४२ पक्षी असतील याची खात्री करून घेतली पाहिजे. काही स्तंभांत नोंदी जास्त आणि काहींत कमी असतील तर शेजारचे दोन खण वेगवेगळ्या नमुन्यांवर काढलेले असतात, आणि त्यांची परस्परांशी तुलना करणे योग्य नसते.

तपासणी: स्तंभांची नावे, प्रत्येकाचे एकक, किमान-कमाल आणि वापरात असलेल्या नोंदींची संख्या एका कागदावर उतरलेली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पहिला आलेख रंग न देता आणि अर्धाच काढा

पायथन वापरणाऱ्यांसाठी सीबॉर्नमधील ही आज्ञा पुरेशी आहे. इतर साधनांतही हेच पर्याय वेगळ्या नावांनी मिळतात.

```python
import seaborn as sns
import matplotlib.pyplot as plt

df = sns.load_dataset("penguins")
cols = ["bill_length_mm", "bill_depth_mm",
        "flipper_length_mm", "body_mass_g"]
d = df.dropna(subset=cols)

sns.pairplot(d, vars=cols, corner=True, height=2.2,
             plot_kws=dict(s=14, alpha=0.5))
plt.show()
```

एकाच मोजमापाची ओळ आणि स्तंभ जेथे भेटतात त्या खणांची तिरकी रांग म्हणजे कर्ण. `corner=True` लिहिल्याने कर्णाच्या वरचा अर्धा भाग काढला जात नाही. तो भाग म्हणजे खालच्याच सहा जोड्यांचे अक्ष अदलाबदल करून काढलेले आलेख असतात. त्यात नवी माहिती काहीच नसते. तरीही पूर्ण मॅट्रिक्स समोर असताना लोक एकच जोडी वर एकदा आणि खाली एकदा पाहतात आणि दोन ठिकाणी संबंध आढळल्यासारखे लिहितात. अर्धी मॅट्रिक्स काढली की ही चूक होण्याचा संभवच राहत नाही.

`s` म्हणजे ठिपक्याचा आकार आणि `alpha` म्हणजे त्याची पारदर्शकता. या दोन्हींची येथे खरी गरज आहे, कारण पंखाची लांबी पूर्ण मिलिमीटरमध्येच नोंदवलेली आहे आणि वजनही ठरावीक टप्प्यांनी नोंदवलेले आहे. त्यामुळे अनेक पक्ष्यांचे ठिपके तंतोतंत एकमेकांवर बसतात. ठिपके अपारदर्शक असतील तर एका जागी एक पक्षी आहे की पाच, हे कळत नाही. गर्दीचा मध्यभाग आणि विरळ कडा सारख्याच गडद दिसतात, आणि नजर कडेच्या मोजक्या ठिपक्यांना अवाजवी महत्त्व देते.

आधी रंग का द्यायचा नाही, असा प्रश्न पडेल. रंग दिला की आपण आधीच ठरवलेले गट दिसतात. रंग नसताना मात्र आपल्याला ठाऊक नसलेले गटही स्वतःहून नजरेस येऊ शकतात, आणि ती संधी पहिल्या नजरेलाच असते.

इशारा: खणाचे अक्ष ओळखताना घाई करू नका. खण ज्या ओळीत आहे त्या ओळीचे मोजमाप उभ्या अक्षावर आणि ज्या स्तंभात आहे त्या स्तंभाचे मोजमाप आडव्या अक्षावर असते. कर्णावरच्या खणांना हा नियम लागू नाही. तेथे उंची म्हणजे पक्ष्यांची संख्या असते आणि डावीकडच्या अक्षावरचे आकडे तिला लावू नयेत.

## टप्पा ३: आधी कर्ण वाचा

बहुतेक जण कर्णावरचे आयतालेख ओलांडून थेट ठिपक्यांकडे जातात. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण पुढे जे गोंधळ होणार आहेत त्यांची सूचना कर्ण आधीच देत असतो.

प्रत्येक आयतालेखाबद्दल एकच प्रश्न विचारा: येथे एक उंचवटा आहे की अधिक? पेंग्विनांच्या मॅट्रिक्समध्ये पंखाच्या लांबीचे दोन उंचवटे अगदी स्पष्ट दिसतात, एक १९० मिलिमीटरच्या आसपास आणि दुसरा २१५ च्या आसपास. चोचीच्या जाडीतही दोन दिसतात, सुमारे १५ आणि सुमारे १८ मिलिमीटरवर. चोचीच्या लांबीचा आकारही एका उंचवट्याचा नाही. वजनाचा आयतालेख मात्र एकाच उंचवट्याचा, पण उजवीकडे लांब ओसरत गेलेला आहे.

दोन उंचवट्यांचा अर्थ असा की या स्तंभात बहुधा दोन वेगळ्या प्रकारचे पक्षी एकत्र मोजले गेले आहेत. अशा स्तंभाच्या नावापुढे कागदावर खूण करा. ज्या खणात खूण असलेला स्तंभ येतो, त्या खणातील दिशेवर गट वेगळे केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असा नियम आताच स्वतःला घालून द्या. आपल्या उदाहरणात चारांपैकी तीन स्तंभांवर खूण पडते, म्हणजे सहाही खण या नियमाखाली येतात.

तपासणी: आयतालेखातील पट्ट्यांची रुंदी एकदा बदलून पाहा. उंचवटे खरे असतील तर ते टिकतात. पट्ट्या थोड्या रुंद करताच नाहीसे होणारे उंचवटे सोडून द्यावेत.

## टप्पा ४: खण चाळा, पण उताराऐवजी पट्ट्याची जाडी पाहा

आता ठिपक्यांचे सहा खण एकेक करून पाहा आणि प्रत्येकावर फार तर दहा सेकंद घालवा. या टप्प्यावर निष्कर्ष काढायचा नाही. खणांची तीन ढिगांत वाटणी करायची आहे: एक सलग तिरका पट्टा असलेले, पुंजके तुटक दिसणारे, आणि कोणताही आकार नसलेले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खणातील उतार किती तीव्र आहे, यावरून संबंध किती घट्ट आहे हे कळत नाही. प्रत्येक खण आपापल्या स्तंभांच्या किमान-कमाल आकड्यांत बसवण्यासाठी ताणलेला असतो, त्यामुळे घट्ट संबंध असलेला जवळपास प्रत्येक पट्टा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका दिसतो, मग एका मिलिमीटरमागे वजन ५ ग्रॅमने वाढो की ५० ग्रॅमने. घट्टपणा दिसतो तो पट्ट्याच्या जाडीत. आणि ही जाडीदेखील फसवी असते: क्लीव्हलंड, डायकोनिस आणि मॅकगिल यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की त्याच ठिपक्यांभोवती अक्ष लांबवून मोकळी जागा सोडली की लोकांना संबंध अधिक घट्ट वाटू लागतो. म्हणून एकच दूरचा ठिपका अक्ष ताणत असेल तर त्या ओळीतले आणि स्तंभातले सगळे खण आहेत त्याहून घट्ट दिसतात.

नजरेच्या अंदाजाला आधार देण्यासाठी मी उभ्या पट्टीची युक्ती वापरतो. खणाच्या डाव्या तिसऱ्या भागात एक अरुंद उभी पट्टी मनात आखा आणि तीत ठिपके कोठून कोठपर्यंत पसरले आहेत ते पाहा. मग उजव्या भागात तशीच पट्टी आखा. पट्टीतील ठिपक्यांचा पसारा खणाच्या पूर्ण उंचीच्या मानाने जितका लहान, आणि दोन पट्ट्यांच्या मध्यांतील फरक जितका मोठा, तितका संबंध घट्ट.

वजन आणि पंखाची लांबी यांच्या खणावर ही युक्ती लावून पाहू. पंख १९० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या पक्ष्यांचे वजन साधारण ३,६५० ग्रॅमभोवती आहे आणि बहुतेक पक्षी त्याच्या वरखाली ८०० ग्रॅमच्या आत आहेत. पंख २१५ मिलिमीटर असलेल्यांचे वजन साधारण ४,९०० ग्रॅमभोवती आहे आणि पसारा जवळपास तेवढाच आहे. खणाची पूर्ण उंची ३,६०० ग्रॅम, पट्टीतला पसारा सुमारे १,६०० ग्रॅम, आणि मध्य सरकला १,२५० ग्रॅमने. म्हणजे पंखाची लांबी कळली की वजनाबद्दलची अनिश्चितता निम्म्याहून कमी राहते. हा घट्ट संबंध आहे; गणिताने त्याचा सहसंबंध गुणांक, म्हणजे संबंधाची दिशा आणि घट्टपणा −१ ते १ या मर्यादेत सांगणारा आकडा, ०.८७ येतो. हा खण पहिल्या ढिगात जातो.

याच पट्ट्यांनी वाकलेला संबंधही ओळखता येतो. डावीकडून उजवीकडे तीन पट्ट्या घ्या. मध्य आधी झपाट्याने आणि नंतर सावकाश सरकत असेल, किंवा वर जाऊन खाली येत असेल, तर संबंध आहे पण तो सरळ रेषेचा नाही. अशा खणात सहसंबंध गुणांक लहान येऊ शकतो आणि मग केवळ आकड्यांचा तक्ता पाहणारा माणूस ती जोडी हातची घालवतो.

आता उरलेले पाच खण. चोचीची लांबी विरुद्ध पंख, आणि चोचीची लांबी विरुद्ध वजन, हे दोन्ही डावीकडून उजवीकडे वर चढतात, पण पट्टा रुंद आणि मधूनच विस्कटलेला आहे. पंख विरुद्ध चोचीची जाडी या खणात मात्र ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके आहेत: एक वर डावीकडे, दुसरा खाली उजवीकडे, आणि मध्ये रिकामी जागा. वजन विरुद्ध चोचीची जाडी या खणातही तसेच. जाडी विरुद्ध लांबी हा खण आकारहीन वाटतो. फार निरखून पाहिले तर किंचित खाली उतरल्यासारखा भास होतो. पहिल्या ढिगात एक, दुसऱ्या ढिगात चार आणि तिसऱ्यात एक अशी वाटणी झाली.

इशारा: दोन पुंजक्यांना जोडणारी तिरकी रेषा मनात ओढू नका. रिकाम्या जागेतून जाणारी रेषा दोन पुंजक्यांच्या मध्यांतील फरक सांगते. एखाद्या पुंजक्याच्या आत काय घडते याबद्दल ती काहीही सांगत नाही.

## टप्पा ५: गटांना रंग द्या आणि प्रत्येक गट स्वतंत्र वाचा

कर्णावरचे उंचवटे आणि तुटक पुंजके यांनी गट असल्याचे सुचवले; आता ते गट कोणते असू शकतात हे तक्त्यातील शब्दांच्या स्तंभांत शोधा. येथे पक्ष्याची जात नोंदवलेली आहे: १५२ अ‍ॅडेली, ६८ चिनस्ट्रॅप आणि १२४ जेंटू. मागच्याच आज्ञेत एक भर घाला.

```python
sns.pairplot(d, vars=cols, hue="species", corner=True,
             height=2.2, plot_kws=dict(s=14, alpha=0.5))
plt.show()
```

रंग देताच पंख विरुद्ध जाडी या खणातील वर डावीकडचा पुंजका पूर्णपणे जेंटूंचा आहे आणि खालचा उजवीकडचा अ‍ॅडेली व चिनस्ट्रॅप यांचा आहे, हे दिसते. आता एका वेळी एकाच रंगाकडे पाहा आणि बाकीचे रंग नसल्यासारखे धरा. जेंटूंचा पुंजका डावीकडून उजवीकडे वर चढतो. अ‍ॅडेलींचाही वर चढतो. चिनस्ट्रॅपांचाही. तिन्ही गट वर चढत असताना एकत्रित चित्र मात्र खाली उतरते.

आकड्यांत सांगायचे तर पंख आणि चोचीची जाडी यांचा एकत्रित सहसंबंध गुणांक −०.५८ आहे, जातीनिहाय पाहिले तर तो अ‍ॅडेलींत ०.३१, चिनस्ट्रॅपांत ०.५८ आणि जेंटूंत ०.७१ आहे. वजन आणि जाडी यांचे एकत्रित −०.४७, पण जातीनिहाय ०.५८, ०.६० आणि ०.७२. आणि आपण तिसऱ्या ढिगात टाकलेला जाडी विरुद्ध लांबी हा आकारहीन खण एकत्रित −०.२४ दाखवतो, तर जातीनिहाय ०.३९, ०.६५ आणि ०.६४. म्हणजे ‘येथे काही नाही’ असे ज्या जोडीबद्दल वाटले, तिच्यात दोन जातींत चांगलाच संबंध लपलेला होता.

याचे कारण पक्ष्यांच्या बांध्यात आहे. जेंटू ही मोठी जात आहे: सरासरी वजन सुमारे ५,०७६ ग्रॅम आणि पंख सुमारे २१७ मिलिमीटर, पण चोचीची सरासरी जाडी केवळ १५.० मिलिमीटर. अ‍ॅडेलींचे सरासरी वजन सुमारे ३,७०० ग्रॅम, पंख १९०, आणि जाडी १८.३ मिलिमीटर. मोठ्या पक्ष्यांच्या जातीची चोच बारीक आहे, म्हणून जाती एकत्र केल्या की ‘पक्षी जितका मोठा तितकी चोच बारीक’ असे दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही एका जातीत मोठ्या पक्ष्याची चोच अधिक जाडच असते. एकत्रित आकडा खोटा नाही, पण तो जातींमधील फरकाचे उत्तर देतो. आपण प्रश्न विचारला होता पक्ष्यांबद्दल.

उलट दिशेची चूकही होते आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. पंख आणि वजन यांचा ०.८७ हा दिमाखदार आकडा जातीनिहाय ०.४७, ०.६४ आणि ०.७० इतका खाली येतो. दिशा तीच राहिली, पण घट्टपणाचा मोठा भाग जेंटू मोठे आणि इतर दोन जाती लहान, या एकाच फरकातून आलेला होता. समोर फक्त अ‍ॅडेली पक्षी असतील आणि त्यांच्या पंखावरून वजनाचा अंदाज करायचा असेल, तर ०.८७ वर भिस्त ठेवणाऱ्याची निराशा होईल. दिशा पालटली नाही म्हणून गट तपासण्याची गरज नव्हती, असे समजू नये.

तपासणी: प्रत्येक खणासाठी एक ओळ लिहा: एकत्रित दिशा, प्रत्येक गटाची दिशा, आणि त्या जुळतात का. ज्या खणात त्या जुळत नाहीत तेथे एकत्रित आकडा अहवालात एकटा देऊ नये.

## टप्पा ६: एक गट वेगळा केला म्हणून थांबू नका

जात वेगळी केल्यानंतर समाधान वाटते आणि बहुतेक जण येथे थांबतात. तक्त्यात दुसराही शब्दांचा स्तंभ असेल तर त्याच पद्धतीने आणखी एक फेरी करावी. येथे पक्ष्याचे लिंग नोंदवलेले आहे. ३४२ पैकी नऊ पक्ष्यांचे लिंग नोंदलेले नाही. ते वगळून ३३३ उरतात.

अ‍ॅडेली जातीत माद्यांची चोच सरासरी ३७.३ मिलिमीटर लांब आणि १७.६ मिलिमीटर जाड आहे, नरांची ४०.४ लांब आणि १९.१ जाड. म्हणजे एका रंगाच्या ज्या पुंजक्याला आपण एकच समजत होतो, त्यात पुन्हा दोन उपपुंजके आहेत, एक खाली डावीकडे आणि दुसरा वर उजवीकडे. फक्त माद्या किंवा फक्त नर पाहिले तर अ‍ॅडेलींतील लांबी आणि जाडी यांचा ०.३९ चा संबंध जवळजवळ नाहीसा होतो. त्या आकड्याचा अर्थ ‘नर दोन्ही बाबतींत मोठे असतात’ इतकाच होता.

हे तीन थर एकत्र ठेवून पाहा: सर्व पक्षी एकत्र, तर संबंध किंचित उलटा, जात वेगळी केली, तर सुलटा, जात आणि लिंग दोन्ही वेगळे केले, तर अ‍ॅडेलींपुरता जवळपास काहीच नाही. तिन्ही निरीक्षणे बरोबर आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

इशारा: गट पाडत गेलात की प्रत्येक गटातील पक्षी कमी होतात. चिनस्ट्रॅप ६८ आहेत. लिंगानुसार ते प्रत्येकी ३४ होतात. ३४ ठिपक्यांत दोन-तीन टोकाचे ठिपकेही दिशा असल्याचा आभास निर्माण करू शकतात, म्हणून अशा गटात आकार दिसला तरी तो शंकेनेच वाचावा, आणि त्याहून लहान गटांत मॅट्रिक्स वाचण्याचा आग्रह धरू नये.

## टप्पा ७: निवडलेला खण मोठा करून आकड्याशी ताडून पाहा

मॅट्रिक्स ही चाळणी आहे. तिच्यातील इवल्याशा खणावरून अंतिम निष्कर्ष काढू नये. ज्या दोन-तीन जोड्या पुढे न्यायच्या आहेत, त्या प्रत्येकीचा आलेख पूर्ण आकारात स्वतंत्रपणे काढा आणि त्यानंतरच सहसंबंध गुणांक पाहा.

```python
print(d.groupby("species")[cols].corr().round(2))

s = d.dropna(subset=["sex"])
print(s.groupby(["species", "sex"])[cols].corr().round(2))
```

क्रम महत्त्वाचा आहे: आधी नजर, मग आकडा. आकडा आधी पाहिला तर नजर त्याला साजेसे चित्र शोधू लागते. कागदावर तुमचा अंदाज ‘घट्ट’, ‘मध्यम’, ‘सैल’ अशा शब्दांत लिहून ठेवा आणि मग ताडून पाहा. अंदाज आणि आकडा यांत मोठी तफावत आढळली तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडते: एखादा दूरचा ठिपका, वाकलेला संबंध, किंवा अजून वेगळा न केलेला गट. दूरच्या ठिपक्याचा संशय असेल तर तो तात्पुरता वगळून आकडा पुन्हा काढा. एका ठिपक्याने गुणांक ठळकपणे बदलत असेल तर तो संबंध त्या एका नोंदीवर उभा आहे, आणि ती नोंद मुळात बरोबर लिहिली गेली आहे का, हे मूळ वहीत जाऊन पाहावे लागते.

या टप्प्यानंतर आपल्या उदाहरणातील जोडीविषयी अहवालात कसे लिहायचे, ते एकदा पाहून घ्या. ‘चोचीची जाडी आणि वजन यांचा संबंध उलटा आहे (−०.४७)’ असे लिहू नये. त्याऐवजी असे लिहावे: ‘तिन्ही जातींत जाड चोचीचे पक्षी अधिक वजनाचे आहेत (गुणांक ०.५८ ते ०.७२). जाती एकत्र केल्यास जेंटूंच्या बारीक चोचीमुळे आणि मोठ्या वजनामुळे दिशा उलटी दिसते. नर-मादी फरक या आकड्यांतून वेगळा केलेला नाही.’ शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह होतो, कारण त्याने निष्कर्ष अपुरा वाटतो. पण सहाव्या टप्प्यात अ‍ॅडेलींच्या चोचीबाबत जे आढळले, त्यानंतर ते वाक्य वगळणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल.